हप्त्यांनी येणारा पैसा आणि पहिल्या हप्त्याचा मालक

भागीदारी मोडली. माल विकून झाला, बाहेरची देणी भागली आणि तिघा भागीदारांत वाटायला एकूण १२,७०,००० रुपये उरले. तिघांची भांडवलं होती १२ लाख, ६ लाख आणि साडेचार लाख. नफ्यातोट्याचं प्रमाण २:२:१. एवढीच रक्कम तीन रीतींनी वाटली, तर काय होतं ते आधी पाहू.

| वाटपाची रीत | थोरले | गल्लेवाले | फिरतीवाले |
|---|---|---|---|
| नफ्याच्या प्रमाणात | ५,०८,००० | ५,०८,००० | २,५४,००० |
| भांडवलाच्या प्रमाणात | ६,७७,३३३ | ३,३८,६६७ | २,५४,००० |
| अतिरिक्त भांडवल पद्धतीने | ८,०८,००० | २,०८,००० | २,५४,००० |

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत थोरल्यांच्या वाट्याला तब्बल ३ लाखांचा फरक आहे, आणि तो पुरता गल्लेवाल्यांच्या खिशातून जातो किंवा खिशात येतो. बरोबर आहे ती तिसरी ओळ. पहिल्या दोन ओळींमागे कुणाचीही लबाडी नसते. पैसे येतील तसे वाटत गेलं की हिशेब आपोआप तिकडे झुकतो.

उदाहरण कल्पित आहे, पण जागा खरी धरली आहे: हैदराबादचं तारनाका. एका बाजूला उस्मानिया विद्यापीठ, जवळच भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पोषण संस्था. प्रयोगशाळांना काचसामान आणि रसायनं पुरवणारं दुकान अशा ठिकाणी असणं स्वाभाविक आहे, आणि ते बंद करताना पैसा सावकाश सुटणं त्याहून स्वाभाविक. रसायनांच्या बाटल्यांवर मुदत छापलेली असते. मुदत जवळ आली की घाऊक गिऱ्हाईक निम्म्या भावाला मागतो. संस्थांची बिलं बुडत नाहीत, पण खरेदी विभाग, लेखा विभाग आणि अनुदान अशा तीन पायऱ्या उतरून येतात. थोडक्यात, एके दिवशी सगळं विकून एका बैठकीत हिशेब मिटवण्याची सोय इथे नाही.

भागीदार तीन. पैसा मुख्यतः ज्यांनी घातला ते थोरले; दुकानात बसणारे गल्लेवाले; संस्थांमधून फिरून ऑर्डरी आणणारे फिरतीवाले. विसर्जनाच्या दिवशीचा ताळेबंद असा:

| देणी | रुपये | मालमत्ता | रुपये |
|---|---|---|---|
| बँकेची कॅश क्रेडिट (साठ्याच्या तारणावर) | ४,००,००० | रोख | ५०,००० |
| पुरवठादार | ६,००,००० | साठा | १४,००,००० |
| गल्लेवाल्यांचं संस्थेला कर्ज | १,००,००० | येणी | १३,००,००० |
| तिघांचं भांडवल | २२,५०,००० | गाडी, कपाटं, फिटिंग | ६,००,००० |
| एकूण | ३३,५०,००० | एकूण | ३३,५०,००० |

आता मुख्य अडचण. पैसे आज हातात येताहेत, तोटा मात्र शेवटी कळणार. ३३ लाखांच्या मालमत्तेचे २० लाख येतील की ३०, हे कुणालाच ठाऊक नाही. तोटा ठाऊक नसताना आलेला हप्ता कुणाला द्यायचा? चुकून एखाद्याला जास्त गेला आणि त्याने तो मुलीच्या लग्नात किंवा नव्या धंद्यात घातला, तर परत मागायला त्याच्या दारी जायचं.

अतिरिक्त भांडवल पद्धतीची गंमत अशी की ती तोट्याचा अंदाज करतच नाही. तिला तोटा ठाऊक असण्याची गरजच नाही. कारण साधं आहे. तोटा कितीही होवो, तो २:२:१ याच प्रमाणात वाटला जाणार. म्हणजे प्रत्येक हिश्शामागे प्रत्येकाचं भांडवल सारख्याच रकमेने घटणार. हिश्शामागच्या भांडवलांत आज जे अंतर आहे, ते तोट्यानंतरही तेवढंच राहतं. तेव्हा हे अंतर आधी पैशाने बुजवावं, मग उरलेलं प्रमाणात वाटावं. तोटा १ लाखाचा असो की १० लाखांचा, हा क्रम बदलत नाही.

म्हणून पहिलं काम भागाकाराचं. थोरल्यांचे १२ लाख भागिले २ म्हणजे हिश्शामागे ६ लाख. गल्लेवाल्यांचे ६ लाख भागिले २ म्हणजे ३ लाख. फिरतीवाल्यांचे साडेचार लाख भागिले १ म्हणजे साडेचार लाख. सर्वांत कमी आकडा गल्लेवाल्यांचा. इथे विद्यार्थी हमखास चकतात, कारण नुसत्या डोळ्यांना फिरतीवाल्यांचं भांडवल सगळ्यांत लहान दिसतं आणि तेच पाया म्हणून धरलं जातं. पाया ठरतो तो हिश्शामागच्या आकड्यावरून. त्या मापाने फिरतीवाल्यांनी गल्लेवाल्यांच्या दीडपट घातलं आहे.

गल्लेवाल्यांचे ६ लाख पाया धरले, तर २:२:१ प्रमाणे थोरल्यांचं भांडवल ६ लाख आणि फिरतीवाल्यांचं ३ लाख असायला हवं होतं. थोरल्यांकडे त्याहून ६ लाख जास्त आहेत, फिरतीवाल्यांकडे दीड लाख. हे झालं पहिलं आधिक्य. काम इथे संपत नाही, कारण या दोघांची आधिक्यंही आपसात सारखी नाहीत. दोघांमधलं प्रमाण २:१. थोरल्यांचे ६ लाख भागिले २ म्हणजे ३ लाख. फिरतीवाल्यांचे दीड लाख भागिले १ म्हणजे दीड लाख. आता पाया फिरतीवाल्यांचा. त्यांच्या दीड लाखाला थोरल्यांचे ३ लाख जुळतात आणि थोरल्यांकडे वर आणखी ३ लाख उरतात. हे निव्वळ आधिक्य.

उत्तर तीन ओळींत मावतं. बाहेरची देणी आणि भागीदाराचं कर्ज भागल्यावर येणारे पहिले ३,००,००० फक्त थोरल्यांचे. पुढचे ४,५०,००० थोरले आणि फिरतीवाले यांच्यात २:१ प्रमाणे, म्हणजे ३ लाख आणि दीड लाख. त्यानंतरचा प्रत्येक रुपया तिघांत २:२:१. विक्री सुरू होण्याआधीच हा कागद तयार करून तिघांच्या सह्या घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे आल्यावर क्रम ठरवायला बसलं की प्रत्येकाला आपापली गरज मोठी वाटते.

भागीदारांच्या आधी बाहेरचे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चं कलम ४८ हा क्रम सांगतं: आधी त्रयस्थांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाव्यतिरिक्त संस्थेला दिलेल्या रकमा, मग भांडवल, आणि काही उरलं तर ते नफ्याच्या प्रमाणात. भागीदारांनी करारात आपसात वेगळं ठरवलं असेल तर ते त्यांच्यापुरतं चालतं. बाहेरच्या धनकोला ते बांधत नाही.

हातातली ५०,००० रोख विक्रीखर्चासाठी बाजूला ठेवली. हमाली, जाहिरात, दुकान रिकामं होईपर्यंतचं भाडं हे सगळं त्यातून जायचं. पहिला हप्ता ५,००,००० चा, साठ्याच्या विक्रीतून. साठा बँकेकडे तारण असल्याने त्या पैशावर पहिला हक्क बँकेचा. तिचे ४ लाख गेले, उरलेला १ लाख पुरवठादारांना. पुरवठादारांचं ६ लाखांचं देणं होतं, तेव्हा प्रत्येकाला त्याच्या बिलाचा सहावा भाग. ओळखीच्या एखाद्याचं बिल पुरं चुकवून बाकीच्यांना थांबवणं इथे नको. संस्थेचा पैसा पुढे कमी पडला, तर त्यावरून नसती भांडणं होतात. दुसरा हप्ता ४,००,००० चा, संस्थांच्या जुन्या बिलांचा. तो सगळा पुरवठादारांना. आता त्यांचा १ लाख बाकी राहिला. दोन हप्ते, ९ लाख रुपये, आणि भागीदारांना अजून एक पैसा नाही. सामान्यपणे कुरबुर इथेच सुरू होते.

तिसऱ्या हप्त्यापासूनचा तक्ता असा:

| हप्ता | आलेली रक्कम | पुरवठादार | गल्लेवाल्यांचं कर्ज | थोरले | गल्लेवाले | फिरतीवाले |
|---|---|---|---|---|---|---|
| तिसरा | ४,५०,००० | १,००,००० | १,००,००० | २,५०,००० | – | – |
| चौथा | ३,२०,००० | – | – | २,३०,००० | – | ९०,००० |
| पाचवा | ४,००,००० | – | – | २,०८,००० | ८८,००० | १,०४,००० |
| शेवटचा | ३,००,००० | – | – | १,२०,००० | १,२०,००० | ६०,००० |

चौथा हप्ता सावकाश वाचण्यासारखा आहे. थोरल्यांचं ३ लाखांचं निव्वळ आधिक्य तिसऱ्या हप्त्यात अडीच लाखांपर्यंतच भागलं होतं. म्हणून ३,२०,००० मधले पहिले ५०,००० त्यांचे. उरलेले २,७०,००० दोघांत २:१, म्हणजे १,८०,००० आणि ९०,०००. दुसऱ्या पायरीचे साडेचार लाख पुरे व्हायला अजून १,८०,००० कमी आहेत. ते पाचव्या हप्त्यातून आधी निघतात: १,२०,००० थोरल्यांना, ६०,००० फिरतीवाल्यांना. मग त्या हप्त्यात २,२०,००० शिल्लक राहतात आणि गल्लेवाल्यांना भांडवलापोटी प्रथमच पैसे दिसतात: ८८,०००.

शेवटच्या हप्त्यात २,८०,००० विक्रीचे आहेत आणि २०,००० खर्चाच्या निधीतून सुटलेले. ठेवले होते ५०,०००, प्रत्यक्ष खर्च झाला ३०,०००. खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला असता, तर तो पुढच्या हप्त्यातून आधी कापून मगच वाटप करायचं. निधी मुळीच न ठेवता सगळं वाटून टाकणारेही असतात. त्यांना शेवटच्या महिन्याच्या भाड्यासाठी तिघांकडून वर्गणी गोळा करावी लागते.

आता तपासणी. ३३ लाखांच्या मालमत्तेचे एकूण २३,५०,००० आले. तोटा ९,५०,००० आणि खर्च ३०,०००, मिळून ९,८०,०००. हे २:२:१ प्रमाणे वाटले तर थोरल्यांना ३,९२,०००, गल्लेवाल्यांना ३,९२,००० आणि फिरतीवाल्यांना १,९६,००० सोसावे लागतात. १२ लाखांतून ३,९२,००० वजा केले की ८,०८,०००. ६ लाखांतून तेच वजा केले की २,०८,०००. साडेचार लाखांतून १,९६,००० वजा केले की २,५४,०००. पहिल्या तक्त्याची तिसरी ओळ हीच. तोट्याकडे न बघता केलेलं वाटप शेवटी तोट्याच्या हिशेबाशी रुपयाला रुपया जुळतं. खूण अशी: प्रत्येकाची शेवटी न मिळालेली भांडवलाची बाकी नफ्यातोट्याच्या प्रमाणातच असली पाहिजे. नसेल, तर कुठल्या तरी हप्त्यात पायरी चुकली आहे.

पहिल्या तक्त्यात फिरतीवाल्यांचा आकडा तिन्ही रीतींत सारखाच आला, त्याचाही उलगडा इथे होतो. एकूण भांडवल २२,५०,०००, एकूण हिस्से ५. सरासरी हिश्शामागे साडेचार लाख. फिरतीवाले नेमके सरासरीवर उभे आहेत. या तिन्हींतली कुठलीही रीत निवडली, तरी त्यांना शेवटी तेवढंच मिळणार. फरक पडतो तो कोणत्या महिन्यात मिळणार याचा. असा सरासरीवरचा भागीदार वादात पंच म्हणून फार उपयोगी असतो. त्याच्या बोलण्यात स्वार्थ असलाच, तर तो व्याजापुरता.

या पद्धतीला एक सख्खी बहीण आहे: महत्तम नुकसान पद्धत. तिच्यात प्रत्येक हप्त्याला असं धरतात की यापुढे एक पैसाही येणार नाही. चौथ्या हप्त्याच्या वेळी तिघांची भांडवलं ९,५०,०००, ६,००,००० आणि ४,५०,००० उरली होती, एकूण २० लाख. हातात ३,२०,०००. म्हणजे जास्तीत जास्त तोटा १६,८०,०००. तो वाटला की थोरल्यांचे २,७८,००० उरतात, फिरतीवाल्यांचे १,१४,०००, आणि गल्लेवाल्यांच्या खात्यात ७२,००० ची तूट. ती तूट दोघांनी २:१ प्रमाणे उचलली, तर उत्तर येतं २,३०,००० आणि ९०,०००. तंतोतंत आपल्या तक्त्यातलंच. पण गार्नर विरुद्ध मरे या इंग्लिश खटल्याच्या नियमाप्रमाणे तूट भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे ८:३ ने उचलली, तर थोरल्यांना २,२५,६३६ आणि फिरतीवाल्यांना ९४,३६४ जातात. फरक ४,३६४ रुपयांचा, आणि तोही पाचव्या हप्त्यात गल्लेवाले मैदानात आले की भरून निघतो. मुंबई विद्यापीठाने बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात हप्त्यांच्या वाटपासाठी फक्त अतिरिक्त भांडवल पद्धत ठेवून दुसरी वगळली, त्यात विद्यार्थ्यांचं फारसं नुकसान झालं असं मला वाटत नाही. महत्तम नुकसानाचा हिशेब दर हप्त्याला नव्याने मांडावा लागतो. इथला क्रम एकदाच काढला की पुरतो.

पुरतो, पण एका अटीवर: मध्येच कुणाच्या एकट्याच्या खात्याला हात लागता कामा नये. सगळ्यांच्या खात्यांत प्रमाणात होणारा बदल क्रम बिघडवत नाही. समजा, ताळेबंदात अडीच लाखांचा राखीव निधी होता आणि लेखापाल तो भांडवलात मिळवायला विसरला. तरी थोरल्यांचे ११, गल्लेवाल्यांचे ५, फिरतीवाल्यांचे ४ लाख. हिश्शामागे साडेपाच, अडीच आणि ४ लाख. अंतरं तीच, पायऱ्या त्याच. परीक्षेत गुण जातील, भागीदारांचं काही जाणार नाही.

एकट्याच्या खात्याचं मात्र तसं नसतं. आमच्या उदाहरणात गाडी दीड लाखाला बाहेर विकली गेली आणि ते पैसे तिसऱ्या हप्त्यात आले. त्याऐवजी गल्लेवाल्यांनी म्हटलं असतं, 'गाडी मीच ठेवतो, माझ्या हिश्शातून वळती करा', तर? ऐकायला सरळ वाटतं. पण त्या वेळी त्यांचा भांडवलावर एक रुपयाचाही नंबर लागलेला नव्हता. गाडी घेणं म्हणजे रांग मोडून दीड लाख उचलणं. बाकीच्यांनी होकार दिला तरी क्रम नव्याने काढावा लागतो. गल्लेवाल्यांचं भांडवल साडेचार लाख, हिश्शामागे २,२५,०००. थोरल्यांचे पहिले ३ लाख तसेच राहतात, पण दुसरी पायरी ४,५०,००० वरून ६,७५,००० वर जाते. जुना कागद तसाच वापरला, तर गल्लेवाल्यांना आधी गाडी आणि नंतर वेळेआधीच रोख, असा दुहेरी लाभ होतो. शिवाय अशी मालमत्ता भागीदाराने उचलली की करही आड येतो: २०२१ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात घातलेलं कलम ९बी विसर्जनाच्या वेळी भागीदाराला मिळालेला साठा किंवा भांडवली मालमत्ता ही संस्थेने केलेली विक्रीच मानतं, आणि ती बाजारभावाने.

दुसरी जागा अधिक नाजूक आहे, आणि ती तिसऱ्या हप्त्यातच दडलेली आहे. गल्लेवाल्यांचं १ लाखाचं कर्ज आपण थोरल्यांच्या भांडवलाआधी फेडलं. कायद्याचा क्रम तोच. पण ज्यांचं कर्ज फेडलं, त्यांचंच भांडवल हिश्शामागे सर्वांत अशक्त आहे. त्यांचे ६ लाख नेमके १५ लाखांच्या तोट्याला संपतात. त्याच तोट्याला भागीदारांत वाटायला साडेसात लाख उरतात, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या पुऱ्या होतात आणि तिसरी सुरू होत नाही. तोटा १६ लाखांवर गेला, तर गल्लेवालेच संस्थेचे ४०,००० चे देणेकरी ठरतात आणि त्यांना १ लाख तर आधीच देऊन झालेला असतो. ते सधन असतील तर ४०,००० आणून भरतील. नसतील, तर भार उरलेल्या दोघांवर.

विसर्जनाच्या दिवशी साठा १४ लाखांचा आणि त्यातला बराच मुदतीच्या रसायनांचा असताना १६ लाखांचा तोटा ही अशक्य गोष्ट नाही. म्हणून अशा संस्थेत मी तरी ते १ लाख गल्लेवाल्यांना लगेच देणार नाही. तिघांच्या लेखी संमतीने ते बँकेत वेगळे ठेवावेत आणि तिसरी पायरी सुरू झाली, म्हणजे दुसऱ्या पायरीचे साडेचार लाख पुरे झाले, की सोडावेत. आपल्या तक्त्यात तो दिवस पाचव्या हप्त्याला येतो. तोवर कर्जावर कायद्याचं सहा टक्के व्याज चढत असेल, तर १ लाखावर महिन्याला ५०० रुपये.